उशिरा येते, आणि मग थांबतच नाही

मागच्या महिन्यात दोघीतिघींनी जवळजवळ सारखाच प्रश्न पाठवला: "वजन वाढल्यापासून पाळी दोन-दोन महिने येत नाही, आणि आली की दहा-बारा दिवस थांबत नाही. असं का?" उत्तर देण्यासाठी एक केस सांगते. मुलीच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने.

वय 24, उंची 156 सेंटीमीटर. कॉलेज संपलं तेव्हा वजन 61 किलो होतं. मग घरून काम, रात्रीची शिफ्ट, मध्यरात्री काहीतरी खाणं. तीन वर्षांत 84. माझ्याकडे आली तेव्हा 75 दिवसांनी पाळी येऊन तेरावा दिवस चालू होता. मोठ्या गाठी पडत होत्या, दर दीड तासाला पॅड बदलावं लागत होतं. आई म्हणाली, "डॉक्टर, लग्नानंतर होतं ना हे आपोआप नीट?" नाही होत, काकू. हिमोग्लोबिन 8.2 निघालं.

पाळीचं गणित असं. महिन्याच्या पहिल्या भागात इस्ट्रोजेन गर्भपिशवीच्या आत एक अस्तर तयार करतं. मग स्त्रीबीज बाहेर पडतं आणि त्यानंतर प्रोजेस्टेरॉन तयार होतं, जे त्या अस्तराला घट्ट धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरकं एकदम उतरतात, अस्तर सगळं एकत्र गळतं आणि चार-सहा दिवसांत विषय संपतो.

आता चरबी. आपण तिला नुसता साठा समजतो, पण ती स्वतः संप्रेरकं बनवते. शरीरातल्या पुरुषी संप्रेरकांचं ती इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, तेही महिनाभर, चढउतार न होता. शिवाय वजनाबरोबर रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि ते बीजकोशाला आणखी पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं. या गोंधळात स्त्रीबीज बाहेर पडतच नाही. बीज नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन नाही. अस्तर मात्र वाढतच राहतं. शेवटी ते इतकं जाड होतं की स्वतःच्या भाराने इथून थोडं, तिथून थोडं तुटू लागतं. म्हणून पाळी उशिरा येते, आणि आली की रेंगाळते. हिच्या सोनोग्राफीत अस्तर 17 मिलिमीटर होतं.

थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि गर्भधारणेची तपासणी आधी केली, कारण प्रत्येक जास्त रक्तस्रावाचा दोष वजनावर टाकणं हा आमच्या पेशातला आळस आहे. फायब्रॉइड किंवा रक्त न गोठण्याचा आजार बारीक मुलीलाही असतो. सगळं नीट निघालं. मग दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्तस्राव थांबला, गोळ्या संपल्यावर तीन दिवसांनी पाळी आली. पुढचे तीन महिने असंच केलं.

वजनाबद्दल तिला एवढंच सांगितलं की 84 चे 61 करायचे नाहीत, पाच ते दहा टक्के पुरेत. तिच्यासाठी म्हणजे चार ते आठ किलो. रात्रीचं खाणं बंद, रोज पाऊण तास चालणं. पाच महिन्यांत 78 झालं. गोळ्या बंद केल्यावर पाळ्यांतलं अंतर 48, मग 41, मग 36 दिवसांवर आलं. दिवस सहा, गाठी नाहीत. (लग्न झालेल्यांनी इथे लक्ष द्यावं: बीज पुन्हा सुटू लागतं ते पाळी येण्याआधी, त्यामुळे "मला राहतच नाही" या भरवशावर राहू नका.)

मग भावाचं लग्न ठरलं. बाईसाहेबांनी फोनवर बघून दिवसभर नुसतं लिंबूपाणी आणि सॅलड सुरू केलं. चार आठवड्यांत पाच किलो उतरले आणि पाळी 64 दिवस गायब. वजन 73, म्हणजे बारीक मुळीच नाही, तरीही. खाणं अचानक फार कमी झालं की मेंदूच बीजकोशाला कामाचा आदेश देणं थांबवतो. अशा वेळी अस्तर पातळच राहतं. हिचं 5 मिलिमीटर होतं. पोळी-भाजी-वरण परत सुरू केल्यावर सातव्या आठवड्यात पाळी आली. वरून दोन्ही वेळा तक्रार एकच, "पाळी येत नाही", पण आतलं चित्र उलटं.

कधी यायचं? 90 दिवस पाळी नसेल, आठ दिवसांपेक्षा जास्त जात असेल, किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल तर. पाळीच्या तारखा आणि महिन्यातून एकदा वजन, दोन्ही एकाच कागदावर लिहून आणा. वर्षानुवर्षं प्रोजेस्टेरॉनशिवाय वाढलेल्या अस्तरात पुढे कर्करोगाचे बदल होऊ शकतात, म्हणून पंचविशीतही तीन महिन्यांपलीकडे वाट बघत नाही.