कॅम्पचा मंडप नको, खालाच्या घरापासून सुरुवात करा

मागच्या महिन्यात टेंभी नाक्यावरच्या एका लॅबमधून मी स्वतःचा रिपोर्ट घेऊन आलो. एचपीएलसी तपासणी, हिमोग्लोबिन ए-टू 5.4 टक्के. साडेतीनच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमियाचा वाहक समजतात. वय छत्तीस, दोन मुलं, आणि मला हे आता कळतंय. कॉलेजपासून प्रत्येक रिपोर्टवर 'ॲनिमिया' लिहून येत होतं आणि प्रत्येक डॉक्टर लोहाच्या गोळ्या देत होता. मी त्या इमानदारीने खाल्ल्या.

तपासणीला गेलो कारण माझ्या खालाच्या नातवाला थॅलेसेमिया मेजर निघाला. वय अडीच वर्षं. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं, आणि रक्तातून येणारं जादा लोह शरीराबाहेर काढायला रोज औषध.

ही बातमी ऑफिसात सांगितली तेव्हा एक सहकारी सहज म्हणाला, "तुमच्यात बहिणीशीच लग्नं करतात ना, म्हणून." घरी सांगितलं तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "हा तर सिंध्यांचा आजार, उल्हासनगरचा. आपल्यात कुठून आला? कुणाची तरी नजर लागली." दोन्ही वाक्यांवर मला राग आला. पण नुसत्या रागाने काही होत नाही, म्हणून हिशोब मांडतो.

आधी हे जनुक आलं कुठून ते बघू. 1949 मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी (हेच पुढे 1957 मध्ये भारतात राहायला आले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले) एक शंका मांडली. थॅलेसेमियासारखा मुलांना मारणारा दोष भूमध्य समुद्राकाठी इतक्या लोकांत टिकलाच कसा? त्यांचा अंदाज असा की ज्याच्याकडे त्याची एकच प्रत आहे, तो मलेरियात इतरांपेक्षा जास्त तगतो. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकल सेलबद्दल हेच दाखवून दिलं. सिकलच्या वाहकाच्या लाल पेशीत फाल्सिपेरम जातीचा मलेरियाचा परजीवी शिरला की ती पेशी वाकडी होते आणि प्लीहा तिला परजीवीसकट गाळून टाकते. सिकलच्या वाहक मुलांना जीवघेणा मलेरिया इतरांच्या मानाने फारच कमी होतो. थॅलेसेमियाचं संरक्षण सिकलइतकं नेमकं मोजता आलेलं नाही, पण दिशा तीच.

आता याचं गणित. समजा एका वस्तीत 4 टक्के लोक वाहक आहेत. भारताचा सरासरी आकडा 3 ते 4 टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणजे जनुकांच्या दर 50 प्रतींत एक बिघडलेली. दोन बिघडलेल्या प्रती मिळालेलं मूल उपचाराविना मरतं, तरी प्रत्येक पिढीत हा 50 त 1 कायम राहायचा, तर मलेरियाने वाहक नसलेल्यांचं किती नुकसान करायला हवं? उत्तर येतं साधारण 2 टक्के. मूलबाळ होण्याआधी शंभरातले दोन जास्तीचे मेले की पुरे. ज्या वस्तीत 20 टक्के सिकलचे वाहक आहेत, तिथे हाच आकडा 11 टक्क्यांवर जातो. कुठल्या जंगलात मलेरिया किती भयंकर होता, याची नोंद अशी रक्तात राहिली आहे. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर सिकल सापडतो त्यामागे हेच कारण आहे. त्यात कुणाचं पाप नाही आणि कुणाचं रक्त खराब नाही.

मलेरियाने वाहकांना दिलेला हा फायदा आज ठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला काही कामाचा नाही. मग जनुक आपोआप संपेल का? इथे इंजिनिअरला आवडेल असा एक साधा नियम आहे. मलेरिया पूर्ण गेला असं धरलं तर दर पिढीला छेदात एक वाढतो. आज 1/50, पुढच्या पिढीत 1/51, मग 1/52. निम्मं व्हायला पन्नास पिढ्या, म्हणजे बाराशे-साडेबाराशे वर्षं. तेव्हा "वाहकांना लग्नातून वगळा, हळूहळू रक्त स्वच्छ होईल" असं जो म्हणतो, त्याने आकडेमोड केलेली नाही. वाहक कमी करणं हे तपासणीचं कामच नाही. दोन वाहकांना लग्नाआधी, किंवा निदान मूल होण्याआधी, आपण दोघंही वाहक आहोत हे कळावं, एवढंच तिचं काम. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो. एकच वाहक असेल तर मेजर मूल होत नाही.

आता माझ्या सहकाऱ्याकडे वळतो. 4 टक्के वाहक असलेल्या वस्तीत अनोळखी जोडप्याला मेजर मूल होण्याची शक्यता 2500 त 1. सख्ख्या चुलत-मामे-खालाजाद भावंडांनी लग्न केलं तर तीच सुमारे 615 त 1. म्हणजे चौपट. हे खरं आहे, आणि ते लपवणारे आपल्यातले लोक खोटं बोलतात. पण ज्या बिरादरीत 12 टक्के वाहक आहेत आणि चुलतभावंडांत लग्न अजिबात चालत नाही, फक्त जातीबाहेर मुलगी देत नाहीत, तिथे शक्यता 278 त 1 येते. सिंधी आणि लोहाणा समाजात नेमकं हेच झालं. भावंडांत लग्न न करताही तिथे थॅलेसेमिया जास्त आहे. चुलतभावंडांचं लग्न जनुक तयार करत नाही, घरात आधीच असलेल्या दोन प्रतींची गाठ घालून देतं. जातीतलं लग्नही तेच करतं, फक्त त्याला कुणी नावं ठेवत नाही. आणि बुजुर्गांसाठी एवढंच, की भारतात सर्वांत जास्त सापडणारा बीटा थॅलेसेमियाचा बिघाड, आयव्हीएस 1-5, पाकिस्तानातही सर्वांत जास्त सापडतो. हिंदू, मुसलमान, सगळ्यांत.

माझं खरं भांडण मात्र आपल्या कॅम्पवाल्यांशी आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका संस्थेने शादीखान्यात 'थॅलेसेमिया तपासणी शिबीर' घेतलं. बोट टोचून सोल्युबिलिटी चाचणी केली, दीडशे जणांना 'निगेटिव्ह' म्हणून चिठ्ठ्या दिल्या, वर बिर्याणी. सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकलचं हिमोग्लोबिन पकडते. थॅलेसेमियाचा वाहक तिच्यातून बिनबोभाट पास होतो. आदिवासी भागात सिकल शोधायला ती पहिली पायरी म्हणून बरोबर आहे, आणि तिथेही पॉझिटिव्ह आलेल्याची पुढची तपासणी करतात. आमच्या लोकांनी पहिली पायरी उचलली आणि बोर्डावरचं नाव बदललं. खालाचा मुलगा त्या दीडशेत होता. त्याच चिठ्ठीच्या भरवशावर त्याने मूल होण्याआधी दुसरी तपासणी केली नाही.

दोन मुली मात्र सिकलच्या वाहक निघाल्या, आणि त्यांची नावं माइकवरून पुकारली गेली. एकीचा ठरलेला रिश्ता त्याच आठवड्यात मोडला. मुलाची तपासणी कुणी केलीच नव्हती. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावाचा अनुभव पन्नास वर्षांपूर्वीच छापून आलाय. तिथे चौथाईच्या आसपास लोक सिकलचे वाहक. सगळ्यांची तपासणी झाली, सल्ला दिला, आणि काही वर्षांनी पाहिलं तर लोक निकाल लपवत होते, वाहकांना कमी लेखलं जात होतं, आणि वाहकांची आपसातली लग्नं मात्र योगायोगाने होतील तितकीच होत होती.

मग करायचं काय? आजारी मुलापासून सुरुवात करायची. मेजर मुलाचे आईबाप दोघं वाहक असतातच. त्यांच्या प्रत्येक सख्ख्या भावाबहिणीची शक्यता दोनात एक, त्या भावंडांच्या मुलांची चारात एक. रस्त्यावरच्या माणसाची पंचविसात एक. पाकिस्तानात हे करून पाहिलं आणि 2002 मध्ये छापलं. रुग्ण असलेल्या दहा विस्तारित कुटुंबांत 31 टक्के लोक वाहक निघाले. रुग्ण नसलेल्या पाच कुटुंबांत एकही नाही. आपल्या खानदानांचं एकत्र, जवळजवळ राहणं, ज्यावरून टोमणे ऐकतो, ते इथे उपयोगी पडतं. फोन केला की वीस जण गोळा होतात.

तपासणी कशी वाचायची तेही सांगतो, कारण माझी चूक त्यातच झाली. साध्या सीबीसीत माझं हिमोग्लोबिन 12.8, लाल पेशींची संख्या 61 लाख, आणि पेशीचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, 64. आकार 80 च्या खाली आणि संख्या मात्र भरपूर, हा वाहकाचा ठसा. लोह कमी असलेल्याच्या पेशीही लहान असतात, पण त्यांची संख्याही सहसा उतरते. एमसीव्ही कमी दिसला की एचपीएलसी मागा. मुलींच्या बाबतीत एक खोच आहे. लोहाची जोरदार कमतरता ए-टूचा आकडा खाली ओढते, त्यामुळे काठावरचा 'नॉर्मल' रिपोर्ट लोहाचा कोर्स झाल्यावर पुन्हा काढावा लागतो. आणि ज्याला नुकतंच रक्त चढवलंय त्याची तपासणी दात्याचं रक्त दाखवते. अशा वेळी आईबापाची करा. नवरा सिकलचा वाहक आणि बायको थॅलेसेमियाची, तरीही मूल गंभीर आजारी होऊ शकतं, म्हणून एचपीएलसी दोघांची हवी.

दोघंही वाहक असून लग्न झालेलं असेल तर गर्भाची तपासणी साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात होते. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत हे काम वर्षानुवर्षं चाललंय. पुढचा निर्णय त्या दोघांचा. "मजहबात मनाईच आहे" म्हणून विषय बंद करणाऱ्यांना एवढंच सांगतो की गंभीर दोष असलेल्या गर्भाबाबत 120 दिवसांच्या आत परवानगी देणारा निर्णय मक्केतल्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह परिषदेने 1990 मध्येच घेतलाय. मी मुफ्ती नाही. तुमच्या मुफ्तींना तारीख सांगून विचारा.

आमच्या खानदानात आतापर्यंत 23 जणांची तपासणी झाली, सात वाहक निघाले. खाला, अम्मी आणि मी त्यात आहोत. खालाची सून म्हणजे माझ्या मोठ्या मामूंची मुलगी. आता खालाच्या धाकट्या मुलाचा निकाह मामूंच्या धाकट्या मुलीशी ठरलाय. तो वाहक निघालाय. तिची शक्यता दोनात एक, म्हणजे आज घडीला त्यांच्या पहिल्या बाळाचा धोका आठात एक. मामू म्हणतात, "मुलीचं रक्त काढून तिच्या माथ्यावर डाग लावायचा नाही मला." शादीखान्यातला माइक त्यांनीही ऐकला होता, त्यामुळे मी त्यांना दोष देऊ शकत नाही. नमुना मी दुसऱ्या लॅबमध्ये द्यायची सोय केली आहे. रिपोर्ट बंद पाकिटात फक्त मुलीच्या हातात जाईल, मलाही दाखवायचा नाही, असं तिला कळवलंय. तिने मामूंना न विचारता "रविवारी येते" असा मेसेज केलाय.