काकांचं तीन पानी पत्र

पोस्ट जरा लांब आहे, पण पेठेत राहणाऱ्यांच्या कामाची आहे.

मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरचे काका तीन फुलस्केप पानं घेऊन खाली आले. "वाच, आणि पेपरात कसं पाठवायचं ते सांग." आम्ही सदाशिव पेठेत, टिळक रस्त्याला मिळणाऱ्या एका गल्लीत राहतो. पत्राची सुरुवात अशी होती: "पुण्याची पार वाट लागली आहे. अधिकारी झोपा काढत आहेत, पुढारी फ्लेक्सवर हसत आहेत, आणि बाहेरगावची मुजोर पोरं आमच्या उरावर गाड्या लावत आहेत." पुढे डीजे, मेट्रोची खोदाई, पुढाऱ्यांची मुलं, ब्रिटिशांची शिस्त. दुसऱ्या पानावर कोणीतरी पैसे खाल्ल्याचंही होतं.

आणि तिसऱ्या पानाच्या तळाला, सहीच्या वर, एक ओळ: "माझी पत्नी पदपथ सोडून रस्त्यावरून चालताना रिक्षाचा धक्का लागून पडली, मनगट मोडले."

काकूंचं मनगट मोडलेलं मला माहीत होतं. त्या घरात घसरल्या असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, का ते विचारलं नाही.

मी म्हटलं, "काका, पत्र इथून सुरू होतं."

काका चिडले. "घरचं रडगाणं पेपरात कशाला? प्रश्न सगळ्या पेठेचा आहे." त्यावर आमचा बराच वेळ गेला. माझं म्हणणं एवढंच होतं, की पेठेची वाट लागली हे संपादकाला रोज शंभर लोक सांगतात. तो ते छापून काय करणार? एका बाईचं मनगट कुठे आणि कशामुळे मोडलं, हे मात्र फक्त तुम्हीच सांगू शकता. शेवटी तडजोड झाली. वाक्य वर आलं, पण एकच, आणि त्याला विशेषण नाही.

मग बाकीचे विषय काढले. डीजेबद्दल दुसरं पत्र लिहू म्हटलं. पैसे खाल्ल्याचं वाक्य तर काढावंच लागलं. पुरावा नसताना असं छापलं तर बदनामीचा दावा लिहिणाऱ्यावर होतो तसा छापणाऱ्यावरही होतो, म्हणून असं वाक्य असलेलं पत्र बहुतेक वेळा थेट टोपलीत जातं.

"मुजोर पोरं" वरून खरी कसरत झाली. मी म्हटलं, आधी मोजू. मोजमापाची टेप घेऊन दोघं खाली उतरलो. अभ्यासिकेसमोर पदपथ १.९ मीटर रुंद भरला. स्कूटरची लांबी साधारण १.८ मीटर. म्हणजे गाडी आडवी चढवली की माणसाला उरतात दहा सेंटिमीटर! रस्त्याला समांतर लावली तर गाडी सत्तर सेंटिमीटर घेते आणि चालायला सव्वा मीटरच्या आसपास जागा राहते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे आमचा पदपथ रिकामा असताना जेमतेम बसतो, गाडी चढली की संपला.

तीन दिवस सकाळी नऊला गाड्या मोजल्या: २३, २६, २१. पहिल्या दिवशीच्या २३ पैकी सहा आमच्याच बिल्डिंगच्या निघाल्या. त्यातली एक काकांच्या चिरंजीवांची. काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत. जुने वाडे पाडून इमारती झाल्या, घरं वाढली, गाडी ठेवायची जागा त्या मानाने वाढली नाही, हे आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलानेच गाडी डोक्यावर घेऊन फिरावं काय?

मागणी काय करायची, यावर काकांकडे उत्तर तयार होतं: पदपथाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवा. पटण्यासारखं आहे, पण टेपने तेही मोडीत काढलं. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही आरामात जाते. स्कूटर अडेल एवढी फट केली तर व्हीलचेअर अडकते. म्हणून मागणी बदलली: रस्त्याच्या एका बाजूला दुचाकींची आखलेली जागा. पी-१, पी-२ आपल्याला नवं नाही.

पहिल्या पत्रात पंतप्रधानांपासून सगळ्यांना जाब विचारला होता, आणि जाब विचारलेल्यांपैकी एकाच्याही टेबलावर ते काम नव्हतं. पार्किंगचा आदेश वाहतूक पोलीस काढतात, पदपथ आणि पट्टे पालिकेकडे. दोघांकडून काय हवं ते वेगवेगळं लिहिलं नाही, तर दोघंही ते दुसऱ्याचं काम समजतात.

तयार झालेलं पत्र असं:

"महोदय,
सदाशिव पेठेतील आमच्या गल्लीत गेल्या महिन्यात माझ्या ७१ वर्षांच्या पत्नीला पदपथ सोडून रस्त्यावरून चालावे लागले. रिक्षाचा धक्का लागून त्यांचे मनगट मोडले. पदपथ १.९ मीटर रुंद आहे. त्यावर दुचाकी आडवी उभी केल्यास चालण्यास दहा सेंटिमीटर जागा उरते. तीन दिवस सकाळी नऊ वाजता मोजले असता तेथे २१ ते २६ दुचाकी आढळल्या.
वाहतूक पोलिसांनी या गल्लीत सम-विषम तारखांना एका बाजूस दुचाकी पार्किंगचा आदेश काढावा व पालिकेने त्याचे पट्टे आखावेत, ही विनंती. त्यानंतर पदपथावरील गाड्यांवर सकाळी आठ ते अकरा या वेळेत कारवाई व्हावी.
या गाड्या केवळ विद्यार्थ्यांच्या नाहीत. काही आमच्या इमारतीतील आहेत. त्या हलवण्याची जबाबदारी आम्ही घेतली आहे. चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालील हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे.
आपला,"

काकांना हे सपक वाटलं. "यात झणझणीत काहीच नाही रे." ते म्हणाले, पुण्यात पाटीसुद्धा टोमणा मारल्याशिवाय लागत नाही. खरं आहे. पण पाटी वाचणारा तुमच्या दारात उभा असतो, त्याला बेल वाजवायचीच असते. पेपर वाचणारा अधिकारी पुढच्या बातमीकडे जायला मोकळा असतो, आणि टोमणा मारला की त्याला जायला कारणही मिळतं. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रं लिहिली, ती चांगली जहाल होती, हा दाखला काकांनी तोंडावर फेकलाच. पण त्यांना लोकांचं डोकं हलवायचं होतं. आपल्याला हलवायच्या आहेत तेवीस दुचाकी.

पत्र आठ दिवसांनी छापून आलं. शेवटचा परिच्छेद जवळजवळ सगळा उडाला होता, कारण जागा कमी पडली की कात्री खालून लागते. मागणी दुसऱ्या परिच्छेदात होती म्हणून वाचली. काकांच्या मूळ पत्रात ती तिसऱ्या पानावर होती. कात्रण, मोजणीचा कागद आणि तीन फोटो जोडून दोन्ही कार्यालयांत अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. पट्टे अजून आखलेले नाहीत.

आमच्या सहापैकी पाच गाड्या हलल्या. सहावी कोणाची ते सांगत नाही, पण काका रोज सकाळी तिच्यापाशी उभे राहून चिरंजीवांना फोन लावतात, आणि तिथे ते अजिबात शांत नसतात.