300 डीपीआयची अंधश्रद्धा आणि बिचारी रॅम

मंडळी, एक वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत: "फोटोशॉप हँग होतंय, रॅम कमी पडतेय." आठ जीबीचा लॅपटॉप म्हणजे जणू गुन्हाच! त्यात हल्लीच्या बारीक लॅपटॉपची रॅम बोर्डावरच चिकटवलेली, म्हणजे वाढवायची सोयही नाही. पण दहातल्या नऊ वेळा दोष रॅमचा नसतो, गुणाकाराचा असतो.

मामेभावाचंच उदाहरण घ्या. सोसायटीच्या कार्यक्रमाचा सहा बाय चार फुटी फ्लेक्स. साहेबांनी नवी फाइल उघडली ती 300 पीपीआयवर, कारण "प्रिंटला 300 लागतात". आता गणित करा. 72 इंच गुणिले 300 म्हणजे 21600 पिक्सेल, 48 इंचांचे 14400. एकतीस कोटी पिक्सेल, प्रत्येकाला लाल-हिरवा-निळा असे तीन बाइट, म्हणजे पूर्ण भरलेल्या एका लेयरला साधारण 933 एमबी. असे दहा लेयर! फोटोशॉप मग हार्डडिस्कवरच्या स्क्रॅच फाइलकडे धावतं आणि आपण चहा करायला जातो.

300 हा आकडा हातात धरून वाचायच्या छपाईचा आहे. फ्लेक्स दहा-बारा फुटांवरून बघतात, तिथे 100 पुरतात. तीच फाइल 100 वर केली की 7200 बाय 4800, लेयरला 104 एमबी. एक नवमांश! आणि गेटाशी उभ्या असलेल्या काकांना फरक कळणार नाही. 16 बिटचा हट्टही सोडा, तो हे सगळं दुप्पट करतो. (व्हिजिटिंग कार्ड करताय? मग 300 ठेवा की, फाइल मुळातच चिमुकली असते.)

आता दुसरी पोथी: "सगळं स्मार्ट ऑब्जेक्ट करा, फाइल हलकी होते." साफ चूक. स्मार्ट ऑब्जेक्टच्या पोटात मूळ फोटो जसाच्या तसा असतो, आणि वर कॅनव्हासवर दिसणाऱ्या आकाराचे पिक्सेल वेगळे. त्याचा फायदा इतकाच की लहान-मोठं करताना मूळ बिघडत नाही. म्हणजे 24 मेगापिक्सेलचा फोटो आणून त्यातला माणूस टीचभर वापरलात, तर उरलेला फोटो उगाच वाहताय. आकार पक्का झाला की सरळ `Rasterize Layer`. ज्याचा आकार अजून ठरायचाय तोच स्मार्ट ठेवा.

पण याच स्मार्ट ऑब्जेक्टचा एक उपयोग खरंच लाखमोलाचा आहे, आणि तो फारसं कोणी करत नाही. भावाच्या फ्लेक्सची पार्श्वभूमी चौदा लेयरची होती: आकाश, इमारत, दिवे, सावल्या. ती झाली होती, फक्त मोडायची नव्हती. मग चौदाही लेयर निवडून `Convert to Smart Object`, आणि त्यावर राइट-क्लिक करून `Convert to Linked...`. फोटोशॉप ती पार्श्वभूमी वेगळ्या पीएसबी फाइलमध्ये ठेवतं. मुख्य फाइलमध्ये चौदाच्या जागी एक लेयर. दिवा हलवायचाय? मुख्य फाइल बंद करा, पीएसबी एकटी उघडून बदल करा, सेव्ह करा. मुख्य फाइल पुन्हा उघडून `Update Modified Content`. दोन्ही एकदम उघड्या ठेवल्यात तर वाचवलेली रॅम परत गेली. आणि पीएसबी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलीत तर लेयरवर प्रश्नचिन्ह येतं; फाइल कुणाला द्यायची असेल तर `File > Package` करून जोडलेल्या फाइल्ससकट द्या.

तिसरं, Ctrl+Alt+Shift+E. सगळ्या दिसणाऱ्या लेयरची एकत्र प्रत वर चिकटवणारी ही जादू लोक दर पायरीला वापरतात. भावाच्या फाइलमध्ये अशा पाच प्रती होत्या. 100 पीपीआयवरही अर्धा जीबी! शिवाय खालचं काही बदललं की वरची प्रत शिळी, आणि बदल केला तरी दिसत का नाही म्हणून डोकं खाजवत बसा. त्यापेक्षा शेवटी `Image > Duplicate` करून `Duplicate Merged Layers Only` ला टिक करा, मूळ फाइल सेव्ह करून बंद करा, आणि शार्पनिंग वगैरे त्या एका लेयरच्या प्रतीवर करा. मजकुरात चूक निघाली तर मुळाकडे परत जावं लागेल हे खरं, म्हणून शुद्धलेखन आधी तपासा.

हे सगळं जमतंय की नाही कसं कळायचं? खिडकीच्या तळाशी जिथे फाइलचा आकार दिसतो, तिथल्या बाणावर क्लिक करून `Efficiency` निवडा. 100% असेल तर काम रॅममध्येच चाललंय. त्याखाली घसरत राहिलं तर डिस्क दळतेय. भावाचं आता 100% वरच आहे. नवीन लॅपटॉपसाठी मामांना पटवायचा त्याचा बेत मात्र त्यामुळे बारगळला, आणि तो माझ्यावर जाम उखडलाय :)