दोन लेखापरीक्षक, दोन धनी

जबलपूरच्या एका मराठी उद्योजक स्नेह्यांनी मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्यांची कंपनी खाजगी, मध्यम आकाराची आणि घरच्याच माणसांनी उभी केलेली आहे. ते म्हणाले, "साहेब, वर्षअखेरीस सनदी लेखापाल येतात, हिशोब तपासतात, सही करतात. त्यांची फी मी देतो. आता बँकेचे अधिकारी म्हणतात की अंतर्गत लेखापरीक्षकही नेमा. एकाच हिशोबासाठी दोनदा पैसे का मोजायचे?"

प्रश्न रास्त होता. माझी उभी नोकरी सरकारी हिशोबांच्या सहवासात गेली असल्याने त्याचे उत्तर मला अगदी अपरिचित नव्हते. महालेखापाल कोणासाठी तपासणी करतात आणि विभागप्रमुखाने नेमलेले अंतर्गत तपासणी पथक कोणासाठी करते, हा भेद ज्याने अनुभवला आहे, त्याला कंपनीतील भेद समजण्यास वेळ लागत नाही. तपासणीचे कागद तेच असतात, वाचणारा निराळा असतो. आणि लेखापरीक्षणात वाचणारा बदलला की शोधायची वस्तूच बदलते.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. कंपनी कायदा, 2013 नुसार प्रत्येक कंपनीला वैधानिक लेखापरीक्षक नेमावाच लागतो. त्याला भागधारक सर्वसाधारण सभेत पाच वर्षांसाठी नेमतात आणि त्याचा अहवालही भागधारकांनाच उद्देशून असतो. मुदतीआधी त्याला काढायचे तर विशेष ठराव आणि केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. तो स्वतःहून गेला तरी कारणे देणारे निवेदन तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडे दाखल करावे लागते. अंतर्गत लेखापरीक्षकाला यातले कोणतेही कवच नाही. त्याला संचालक मंडळ नेमते, कामाची व्याप्ती मंडळच त्याच्याशी विचारविनिमय करून ठरवते, आणि मंडळाच्या मनात आले तर त्याची रजा होते. तो कंपनीचा नोकरदेखील असू शकतो. कोण कोणाचा माणूस आहे, हे नेमणुकीपेक्षा बडतर्फीच्या नियमावरून अधिक चांगले कळते.

अंतर्गत लेखापरीक्षणाची सक्ती सर्वांना नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला ती आहे. जबलपूरच्या नर्मदा जिलेटिन्ससारख्या नोंदणीकृत कंपनीला उलाढालीचा आकडा न पाहता ती लागू होते. खाजगी कंपनीला मात्र उलाढाल 200 कोटी रुपयांवर गेली, किंवा बँका व वित्तसंस्थांचे कर्ज 100 कोटींवर गेले, तरच ती लागू होते. माझ्या स्नेह्यांची कंपनी या रेषेच्या बरीच खाली होती. म्हणजे निर्णय त्यांच्या मर्जीचा होता, आणि म्हणूनच तो समजून घेणे आवश्यक होते.

त्यांना समजावताना मी एक कल्पित उदाहरण घेतले होते, तेच येथे मांडतो. जबलपूर परिसर हिरव्या मटारसाठी प्रसिद्ध आहे. समजा, तेथे मटार व इतर भाज्या गोठवून विकणारी एक खाजगी कंपनी आहे. तिची उलाढाल 150 कोटी, करपूर्व नफा 8 कोटी. हंगामाच्या 75 दिवसांत रोज 20 गाड्या मटारच्या शेंगा येतात. प्रत्येक गाडीत 10 टन माल असतो आणि सरासरी भाव किलोला 20 रुपये पडतो. म्हणजे एकूण 1,500 गाड्या, 15,000 टन माल आणि 30 कोटींची खरेदी. शेंगांतून दाण्यांचा उतारा 45 टक्के मिळतो असे धरू.

आता फाटकावरचा वजनकाट्याचा कारकून आणि एक पुरवठादार यांनी संगनमत केले. रात्रीच्या 750 गाड्यांत, रिकाम्या गाडीचे वजन 200 किलोंनी कमी लिहिले जाऊ लागले. रिकामी गाडी हलकी दाखवली की माल तेवढाच जास्त दिसतो. हंगामभरात 150 टन न आलेल्या मालाचे, म्हणजे 30 लाख रुपयांचे पैसे दिले गेले.

वैधानिक लेखापरीक्षकाला हे सापडेल काय? बहुधा नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. चूक किती मोठी असली म्हणजे हिशोब वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल, याची एक मर्यादा तो आरंभीच ठरवतो. प्रचलित पद्धतींपैकी एक म्हणजे करपूर्व नफ्याचे पाच टक्के. येथे ते 40 लाख होतात आणि चोरी 30 लाखांची आहे. पण याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ते 30 लाख कच्च्या मालाच्या खर्चात आधीच जमा झालेले आहेत. नफा तेवढ्याने कमी झालेला आहे आणि तो कमी झालेला नफाच ताळेबंदात दिसतो आहे. कंपनी लुटली गेली, तरीही हिशोब यथार्थच आहे! भागधारकांना 8 कोटी नफा सांगितला आणि खरोखर 8 कोटीच झाला. तो 8 कोटी 30 लाख होऊ शकला असता, हे सांगण्याचे काम त्या सहीकडे नाही. संशयास्पद अफरातफर लेखापरीक्षकाच्या नजरेस आली तर कायद्याने ती कळवण्याचे बंधन त्याच्यावर आहे. परंतु जी नजरेच्या वाटेवरच नाही, ती दिसणार कशी?

अंतर्गत लेखापरीक्षकाला मात्र ही चोरी सापडू शकते, कारण त्याचा प्रश्न निराळा असतो. ताळेबंद बरोबर आहे का, हे तो विचारत नाही. फाटकातून आत येणारी प्रत्येक गाडी कशी मोजली जाते, हे तो विचारतो. काट्याच्या नोंदवहीतून तो एकाच क्रमांकाच्या गाडीच्या सर्व फेऱ्या एकाखाली एक मांडतो. जी गाडी दिवसा रिकामी 6,240 किलो भरते, ती रात्री 6,040 कशी भरते? दोन फेऱ्यांत इंधनाच्या टाकीमुळे थोडाफार फरक पडतो, पण नेमका 200 किलोंचा आणि नेमका रात्रीच पडत नाही. मग तो उतारा पाळीनुसार वेगळा काढतो. दिवसाच्या मालाचा 45 टक्के आणि रात्रीच्या मालाचा 44.1 टक्के येतो. संपूर्ण हंगामाची सरासरी 44.55 टक्के दिसते आणि "यंदा शेंग जरा पोकळ होती" या एका वाक्यात ती खपून जाते. शेवटी एखाद्या रात्री न सांगता जाऊन तो दोन-चार रिकाम्या गाड्या बाहेरच्या काट्यावर पुन्हा तोलतो. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असला तरी तो शिक्का काट्याची ग्वाही देतो, कारकुनाची नव्हे.

इथपर्यंत ऐकून माझे स्नेही प्रसन्न झाले. म्हणाले, "म्हणजे खरा उपयोगाचा हाच!" तेव्हा मला उदाहरणाचा उत्तरार्ध सांगावा लागला.

त्याच कंपनीच्या शीतगृहात 31 मार्चला 30 कोटींचा माल आहे. त्यातील 4 कोटी किमतीचा माल मागच्या हंगामातला, पिवळा पडलेला आहे आणि बाजारात त्याचे जेमतेम 1 कोटी येतील. नियम असा की माल खर्चाच्या किंवा विकून हाती येणाऱ्या किमतीच्या, यांपैकी जी कमी असेल तिने दाखवावा. म्हणजे 3 कोटी उतरवायला हवेत आणि नफा 8 वरून 5 कोटींवर येईल. परंतु बँकेचे खेळते भांडवल या मालाच्या तारणावर मिळते. 25 टक्के राखीव सोडून हिशोब केला, तर त्या फुगवलेल्या 3 कोटींवर सव्वादोन कोटींचे जादा कर्ज उचलता येते. मालकाला माल उतरवायचा नाही.

अंतर्गत लेखापरीक्षकाला तो पिवळा माल ठाऊक आहे. कदाचित कोठीतील रांगसुद्धा ठाऊक आहे. तो अहवालात लिहीलही. पण अहवाल जातो कोणाकडे? संचालक मंडळाकडे, आणि मंडळ म्हणजे मालक, त्यांची पत्नी आणि बंधू. अहवाल वाचला जातो आणि कपाटात ठेवला जातो. येथे वैधानिक लेखापरीक्षकाची गरज लागते. मालमोजणीस हजर राहून, मार्चनंतरच्या विक्रीची बिले पाहून, जुन्या मालाला खरोखर काय भाव आला हे त्याला पडताळावेच लागते. शिवाय 2020 च्या लेखापरीक्षक अहवाल आदेशानुसार, 5 कोटींवरील खेळत्या भांडवलाची मर्यादा असलेल्या कंपनीने बँकेला दिलेली तिमाही विवरणे पुस्तकांशी जुळतात की नाही, हे त्याला लेखी सांगावे लागते. 3 कोटी हे त्याच्या 40 लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे आहेत. मालकाचे एखादे भावंड कारभारात नसून केवळ भागधारक असेल, तर त्यालाही घरची खरी स्थिती सांगणारा माणूस हाच.

तात्पर्य असे की अंतर्गत लेखापरीक्षक मालकाला नोकरांपासून वाचवतो आणि वैधानिक लेखापरीक्षक इतरांना मालकापासून वाचवतो. प्रत्येकजण आपल्या धन्याच्या हातून होणाऱ्या नुकसानीबाबत दुबळा असतो. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यमच्या रामलिंग राजूंनी, पुस्तकांतील 5,040 कोटींची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. लबाडी शिखरावर असली तर आतल्या पहारेकऱ्याकडून फारशी आशा नसते. बाहेरच्यानेच बँकेकडून स्वतंत्रपणे शिल्लक मागवून, उत्तर स्वतःच्या हाती घ्यायचे असते. तेथे बाहेरचा पहाराही उपयोगी पडला नाही, म्हणून तर तो घोटाळा इतका वाढला.

म्हणून एकाच व्यक्तीने दोन्ही कामे करू नयेत, हे कायद्यानेच सांगितले आहे. वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचे अंतर्गत लेखापरीक्षण करता येत नाही. लहान शहरांत पुष्कळदा पळवाट काढली जाते. एका कार्यालयाची सही वैधानिक अहवालावर असते आणि शेजारच्या स्नेह्याची अंतर्गत अहवालावर. काम करणारी मुले मात्र तीच. यात फी वाचते, पण दोन प्रश्नांपैकी एक विचारायचा राहूनच जातो.

मध्यम कंपनीला दोन्ही हवेत, असे माझे मत आहे. सक्ती असो वा नसो. मात्र अंतर्गत लेखापरीक्षकाचा अहवाल मुख्य लेखापालाच्या हाती प्रथम पडता कामा नये, कारण तपासणीत त्याचाही विभाग येतो. तो थेट मंडळाकडे जावा आणि रोजच्या कारभारात नसलेल्या एका तरी संचालकाने तो वाचावा. त्याची प्रत वैधानिक लेखापरीक्षकाला विनामागणी द्यावी. अंतर्गत लेखापरीक्षणाची व्यवस्था कंपनीच्या आकाराला साजेशी आहे काय आणि ते अहवाल विचारात घेतले काय, हे 2020 च्या आदेशानुसार त्याला लिहावे लागतेच. असे झाले तर पिवळ्या मटाराची गोष्ट कपाटात कुजत नाही.

माझ्या स्नेह्यांनी अंतर्गत लेखापरीक्षक नेमला. अहवालाची प्रत बाहेर देण्याच्या माझ्या सूचनेवर मात्र ते म्हणाले, "ते जरा पाहू." काट्यावरच्या कारकुनाची तपासणी कोणाही मालकाला आवडते. आपण स्वतः कोणत्या काट्यावर उभे राहणार, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी प्रथमच पडला असावा.