ठेव आपली, पण आठवण आपणच करून द्यायची!

मंडळी, वीजबिलाचा कागद हातात आला की आपण काय बघतो? खालचा ठळक आकडा आणि भरायची शेवटची तारीख. फार तर युनिट किती झाले ते. त्याच कागदावर 'सुरक्षा ठेव जमा' असे तीन शब्द आणि त्यापुढे एक रक्कम छापलेली असते, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या नातेवाईकांची बिलं मला दाखवायला आणली जातात (घरात एक जण 'कागदपत्रांतला' ठरला की त्याची सुटका नसते), आणि दर वेळी मी आधी तीच ओळ बघतो. कारण माझं स्पष्ट मत आहे की या ओळीमागचा नियम एका डोळ्याने बघणारा आहे. ठेव कमी पडली तर वीज कंपनी स्वतःहून मागते. जास्त झाली तर मात्र आपण मागायची वाट बघते.

आता हे नीट समजून घेऊ, कारण रागावायचं तर माहिती घेऊन रागवावं.

ठेव घेणं मुळात चूक नाही. वीज आपण आधी वापरतो आणि पैसे नंतर देतो. महिनाभराचा वापर, मग रीडिंग, मग बिल, मग भरायची मुदत, मग थकलं तर पंधरा दिवसांची नोटीस. हे सगळं होईपर्यंत दोनेक महिन्यांची वीज उधारीवर गेलेली असते. त्या उधारीला तारण म्हणून ठेव. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४७ मध्ये हा अधिकार दिलेला आहे, आणि ठेवीवर व्याज देण्याचं बंधनही त्याच कलमात आहे. महाराष्ट्रात किती ठेव घ्यायची हे राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. २००५ च्या संहितेप्रमाणे दरमहा बिल येणाऱ्याकडून साधारण एका महिन्याच्या सरासरी बिलाएवढी ठेव घेत असत. २०२१ च्या नव्या संहितेने ती सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट केली, आणि तिमाही बिल असेल तिथे तिमाही बिलाच्या दीडपट. हा फरक भरण्यासाठी महावितरणने लोकांना सहा हप्त्यांची सोयही दिली.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा. ठेवीचं नातं बिलाशी आहे, मंजूर भाराशी नाही. सगळा घोटाळा होतो तो हे विसरल्यामुळे.

भार वाढवून घेताना काय होतं? तुम्ही अर्ज करता, कार्यालय मागणीपत्र देतं (आपल्याकडे सगळे 'कोटेशन' म्हणतात), त्यात जोडणीचा खर्च वेगळा आणि सुरक्षा ठेव वेगळी. वाढीव भारावर बिल किती येणार हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. म्हणून ठेवीचा आकडा अंदाजाने काढतात: दरवर्ग कोणता, भार किती, यंत्रं दिवसाला किती तास चालतील, काम एका पाळीत की दोन. अंदाज काढायला हरकत नाही. पण अंदाज हा अंदाजच असतो. प्रत्यक्ष बिलं यायला लागली की त्याचं काम संपलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी सोपे धरले आहेत. नारायणगावच्या बाजूला एकाचं वेल्डिंगचं दुकान आहे असं समजा. भार ५ किलोवॅट, महिन्याचं बिल सरासरी ४,००० रुपये, त्यामुळे ठेव ८,०००. टोमॅटो-द्राक्षवाल्यांची कामं वाढली, मांडव-तारांची, ट्रॉल्यांची, म्हणून त्याने भार १५ किलोवॅट करून घेतला. कार्यालयाने अंदाजाने ठेव ठरवली ४५,०००. आधीचे ८,००० जमा होतेच, ते वळते करून फरक ३७,००० मागितला. त्याने भरला, पावती घेतली.

पहिली तपासणी इथेच, पुढच्या एक-दोन बिलांत. 'सुरक्षा ठेव जमा' समोर ४५,००० दिसायला हवेत. ३७,००० दिसले तर जुनी ठेव नव्या हिशेबात आलीच नाही. ८,००० दिसले तर नवी रक्कम चढलेली नाही. दोन्ही वेळा त्याच आठवड्यात पावतीची झेरॉक्स जोडून अर्ज द्या, कारण पाच वर्षांनी ती पावती ना तुमच्याकडे असेल ना कुणाच्या लक्षात. शिवाय व्याज निघतं ते या छापलेल्या रकमेवर. रकमेत चूक असेल तर दरवर्षी व्याजही चुकतं.

आता वर्ष उलटलं. दुकानात मोठं मशीन आलं खरं, पण ते दिवसातून दोन-तीन तासच चालतं. बिलाची सरासरी निघाली १२,०००. दुपटीने हिशेब केला तर ठेव हवी २४,०००. जमा आहेत ४५,०००. म्हणजे २१,००० रुपये जास्त.

या २१,००० चं काय होतं? संहिता सांगते की दर आर्थिक वर्षात एकदा प्रत्यक्ष बिलांवरून ठेवीचा फेरहिशेब करायचा, मागच्या बारा महिन्यांची सरासरी धरून. हिशेबात ठेव कमी निघाली असती तर एप्रिल-मेच्या सुमारास 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' असं वेगळं बिल घरपोच आलं असतं. न भरल्यास तीस दिवसांच्या नोटिशीनंतर वीज तोडण्याचा अधिकार कायद्यातच आहे. पण जास्त निघाली तर? तर २००५ च्या संहितेपासून चालत आलेला नियम म्हणतो की जादा रक्कम एकरकमी परत करावी, मात्र ज्याने ठेव भरली त्याने मागणी केल्यावर. मागणी आली की तीस दिवसांत, आणि पुढच्या बिलात वळती करायची की वेगळी द्यायची ही निवड ग्राहकाची. त्यातही जादा रक्कम आवश्यक ठेवीच्या दहा टक्के किंवा ३०० रुपये, यांतल्या मोठ्या आकड्याच्या आत असेल तर परत करण्याची सक्ती नाही. आपल्या दुकानदाराला ही मर्यादा २,४०० पडते. त्याचे जादा आहेत २१,०००, म्हणजे तो हक्काने मागू शकतो.

पण तो मागणार कसा? त्याला कुणी सांगितलंच नाही!

माझा आक्षेप नेमका हा आहे. हिशेब एकच, यंत्रणा एकच, बारा महिन्यांची तीच बिलं. उत्तर एका बाजूला गेलं तर बिल छापून येतं आणि दुसऱ्या बाजूला गेलं तर शांतता. एवढं कमी पडतंय हे ज्या संगणकाला कळतं, त्याला एवढं जास्त आहे हे कळत नसेल यावर माझा विश्वास नाही. नियमातले 'मागणी केल्यावर' हे दोन शब्द काढले, किंवा निदान जादा रक्कम बिलावर छापायची सक्ती केली, तर अर्धी भांडणं मिटतील.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: "अहो, व्याज मिळतंय ना त्यावर!" मिळतं. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटने मिळतं आणि वर्षातून एकदा बिलात जमा होतं. समजा ६ टक्के धरले, तर २१,००० वर वर्षाला १,२६०. तोच दुकानदार पत्र्यासाठी पतसंस्थेकडून १४ टक्क्यांनी पैसे उचलत असेल तर तेवढ्याच रकमेवर २,९४० भरतो. म्हणजे स्वतःचे पैसे स्वस्तात ठेवून दुसऱ्याचे महागात घ्यायचे. दुसरं उत्तर असं की भार मोठा आहे, उद्या बिल वाढू शकतं. वाढू दे की! पुढच्या एप्रिलला फेरहिशेब आहेच, तेव्हा फरक मागा.

मग करायचं काय? साधा अर्ज. ग्राहक क्रमांक, भारवाढीची तारीख, जमा ठेव, बारा बिलांची सरासरी, तिची दुप्पट आणि जादा रक्कम, एवढं एका पानात लिहा. परतावा बिलात हवा की बँकेत तेही लिहा. उपविभाग कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोहोच घ्या, कारण तीस दिवस त्या तारखेपासून मोजायचे. बिलात वळते करून घेतले तर 'समायोजित रक्कम' या ओळीत वजा आकडा यायला हवा. गोम अशी की ही ओळ नुसती रक्कम सांगते, कशाची ते सांगत नाही. ठेवीचा परतावा, व्याज, जुन्या बिलाची दुरुस्ती, सगळं तिथेच. म्हणून दोन आकडे एकत्र बघा: समायोजित रकमेत २१,००० वजा आणि त्याच सुमाराला सुरक्षा ठेव ४५,००० वरून २४,००० वर. एकच बदलला असेल तर काम अर्धवट झालंय. तीस दिवस उलटूनही हालचाल नसेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यावर विद्युत लोकपाल. मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, तेव्हा 'बघू दिवाळीनंतर' करत बसू नका.

आपल्याकडची एक खास अडचण सांगायची राहिली. ओतूर म्हणा, घोडेगाव म्हणा, मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं. परतावा मात्र ज्याने ठेव भरली त्याच्या नावाने निघतो. भारवाढीचा फरक नातवाने भरला तरी खातं आजोबांचंच. म्हणून भार वाढवण्याआधी वारसाने नाव बदलून घ्या, ठेवही नव्या नावावर वर्ग झाली का ते विचारा. आणि भारवाढीच्या वेळी जुनी जोडणी कायमची बंद करून नवा ग्राहक क्रमांक दिला असेल तर जुनी ठेव आपोआप नव्या क्रमांकावर आली असं गृहीत धरू नका. जुन्या जोडणीचं अंतिम बिल मागा, बाकी वळती करून उरलेली रक्कम मागा. ही बंद मीटरची ठेव सगळ्यात जास्त विसरली जाते, कारण त्या क्रमांकाचं बिलच येणं थांबतं आणि ती तीन शब्दांची ओळही डोळ्यांसमोरून जाते.

असो. कमी पडलेल्या ठेवीसाठी नोटीस पाठवणाऱ्याने जादा ठेवीसाठी निदान एक ओळ छापावी, एवढीच मागणी आहे. ती छापली जाईपर्यंत कॅल्क्युलेटर आपल्यालाच काढावा लागणार. बारा बिलं, एक सरासरी, गुणिले दोन.