बापूस हलला नाही पाहिजे

फोटोचा व्हिडिओ करणं हा सध्या आमच्या रोडपालीत घरगुती उद्योग झालाय. हळदीच्या मांडवात एलईडी स्क्रीन असतोच, मग त्यावर काहीतरी हलतं दिसायला हवं. जुने फोटो नुसते एकामागून एक दाखवले तर कोणी बघत नाही म्हणे. त्यामुळे फोटो एखाद्या एआय मॉडेलला द्यायचा, खाली दोन ओळी लिहायच्या, की पाच सेकंदांची क्लिप तयार. माझं म्हणणं त्या दोन ओळींबद्दल आहे. बहुतेक लोक त्या ओळींत फोटोचं वर्णन लिहितात आणि कॅमेऱ्याच्या हालचालीसाठी शेवटी एखादं विशेषण टाकून मोकळे होतात. माझ्या मते हे अगदी उलट आहे. फोटोत काय आहे ते फोटो सांगतोच. तुम्ही फक्त काय हलणार, किती हलणार आणि काय हलणार नाही एवढंच सांगायचं असतं.

मी राहतो सेक्टरमधल्या बिल्डिंगीत, पण आमचे एक काका मूळ गावातले. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि मग हळूहळू इथली भाताची शेतं प्लॉट झाली, हे तुम्हाला माहीत असेलच. काकांकडे त्या आधीच्या घराचा एकच फोटो उरलाय. कौलारू घर, पुढे ओटा, ओट्यावर काथ्याच्या बाजेवर बसलेले त्यांचे वडील, दारात पाच-सहा वर्षांचे काका स्वतः, उजव्या कडेला भाताची उडवी, डाव्या कडेला अर्धी कापली गेलेली सायकल आणि मागे पूर्वेकडची डोंगररांग. मुलाच्या हळदीत हा फोटो 'जिवंत' करून दाखवायचा, अशी फर्माईश.

पुतण्याने आधीच एक क्लिप करून आणली होती. प्रॉम्प्टमध्ये 'सुंदर भारतीय खेडं, पांढरं धोतर नेसलेला म्हातारा, सिनेमॅटिक, जेंटल कॅमेरा मूव्हमेंट' असं बरंच काही. क्लिप दिसायला झकास होती! कॅमेरा उजवीकडे सरकला, उडवीच्या पलीकडे अजून एक घर आलं, आणि आजोबा कॅमेऱ्याकडे बघून छान हसले. काका दोनदा बघून म्हणाले, "ते घर कोणाचं? तिथे तर आमचं खळं होतं." आणि मग जरा थांबून, "आमचा बापूस फोटोत कधी हसायचाच नाय रे. त्याला हलवू नको, बाकी काय पायजे ते हलव."

आता यात मॉडेलचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याने सांगितलं तेच केलं. ही मॉडेल्स व्हिडिओ आणि त्याखालची वर्णनं अशा जोड्यांवर शिकलेली असतात. तुमचा फोटो ते पहिली फ्रेम म्हणून धरतात आणि पुढच्या सगळ्या फ्रेम त्याला जुळतील अशा बनवतात. 'जेंटल' म्हणजे किती आणि कुठल्या दिशेने, हे त्या शब्दात नाहीच. मग कॅमेरा डावीकडे, उजवीकडे, वर, कुठेही जाऊ शकतो आणि तरी तो 'जेंटल'च असतो.

पहिला निर्णय म्हणून दिशा. कॅमेरा बाजूला वळवला (ज्याला पॅन म्हणतात) आणि फ्रेम पाव रुंदीने सरकली, तर शेवटच्या फ्रेमचा पाव भाग फोटोत कधीच नव्हता. तो मॉडेलने रचलेला. मागे सरकणं तर दिसायला त्याहून निरुपद्रवी वाटतं. पण मूळ फोटो जेमतेम दहा टक्क्यांनी लहान दिसेल एवढंच मागे गेलात, तरी चारही कडांना मिळून सुमारे एकोणीस टक्के चित्र नव्याने भरावं लागतं. काकांच्या खळ्यावर घर उभं राहिलं ते असंच. याउलट कॅमेरा सरळ पुढे नेला तर कडेचं बाहेर जातं, नवीन जवळपास काहीच आत येत नाही. जवळच्या वस्तू मोठ्या होऊन मागच्या वस्तू थोड्या झाकतात, एवढंच. म्हणून ज्या फोटोत खरं ठिकाण आणि खरी माणसं आहेत, त्यासाठी मी तरी एकच हालचाल वापरतो: थोडंसं पुढे. आंब्याच्या जाहिरातीसाठी हवा तेवढा पॅन करा, आपलं काही म्हणणं नाही :)

दुसरी गोष्ट, 'हळू' हा शब्द कोणाला लावता. प्रॉम्प्टमध्ये स्लो, जेंटल, सॉफ्ट असे शब्द विखरून टाकले की मॉडेल अख्खं दृश्यच स्लो मोशनमध्ये नेतं. पानं पाण्याखाली असल्यासारखी डोलतात. म्हणून हळू फक्त कॅमेऱ्याला लावायचं आणि पानांना वेगळं सांगायचं की नेहमीच्या वेगाने हला.

तिसरी गोष्ट काकांच्या मागणीची. 'माणूस हसू नये, हलू नये' असं लिहिलं तर बरेचदा तो हसतोच. कारण सोपं आहे. व्हिडिओखालच्या वर्णनात जे दिसतं ते लिहिलेलं असतं, जे नाही ते कोण लिहितं? त्यामुळे नकाराची वाक्यं मॉडेलला नीट कळत नाहीत आणि 'हसू' हा शब्द मात्र पोचतो. रनवेच्या मार्गदर्शिकेतही नकारार्थी न लिहिण्याचाच सल्ला आहे. काही मॉडेल्सना नको त्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तिथे लिहा. मुख्य प्रॉम्प्टमध्ये होकारार्थी लिहायचं: माणूस त्याच स्थितीत राहतो. आणि हलायला दुसरं काहीतरी द्यायचं. फोटोत हलण्याजोगं काहीच सांगितलं नाही, तर मॉडेल हालचाल शोधत सगळ्यात आधी माणसापाशी जातं. काकांच्या फोटोत वर आंब्याची डहाळी आली होती, ती कामी आली.

मी वापरलं ते अलीबाबाने २०२५ च्या फेब्रुवारीत खुलं केलेलं वान २.१, भाड्याच्या जीपीयूवर (ऑफिसच्या नव्हे, गैरसमज नको). ते साधारणपणे ८१ फ्रेम देतं, सेकंदाला १६, म्हणजे पाच सेकंद. प्रॉम्प्ट एवढाच होता:

```
The camera moves forward slowly and smoothly in a
straight line, ending slightly closer to the veranda.
The man and the boy stay in the same pose.
Leaves at the top stir in a light breeze at natural
speed. Single continuous shot, steady light.
```

बघा, यात धोतर नाही, खेडं नाही, सिनेमॅटिक नाही. धोतर लिहिलं आणि फोटोत प्रत्यक्षात पंचा असला, तर मॉडेल शब्द खरा करायला जातं आणि तिसऱ्या सेकंदाला कपडा बदलायला लागतो. 'ओट्याच्या किंचित जवळ येऊन थांबतो' हा शेवट मात्र मुद्दाम लिहिलाय. कुठे थांबायचं ते सांगितलं की वेग आपोआप बेताचा राहतो.

तरीही पहिल्या रनमध्ये दारातल्या मुलाचा चेहरा मेणासारखा वितळला. इथे प्रॉम्प्ट कितीही घासूनपुसून लिहा, उपयोग शून्य. वान हे चित्र थेट पिक्सेलमध्ये हाताळत नाही. आठ बाय आठ पिक्सेलचा एक चौकोन करून त्यावर काम करतं. ८३२ बाय ४८० च्या फ्रेममध्ये मुलाचा चेहरा जेमतेम १८ पिक्सेल रुंद, म्हणजे दोन-अडीच चौकोन. त्यात दोन डोळे, नाक आणि तोंड कुठे राहणार? उपाय प्रॉम्प्टबाहेरचा: फोटो आधी क्रॉप करा आणि मोठ्या साईजमध्ये चालवा. डावीकडची अर्धी सायकल आणि उजवीकडची थोडी उडवी काढून टाकली, फ्रेम १२८० बाय ७२० केली, तर तोच चेहरा ४० च्या आसपास गेला. सायकल गेल्यामुळे कडेचं चाक फिरायला लागण्याचा धोकाही गेला.

मग सीड तोच ठेवून प्रॉम्प्टमधला एकेक शब्द बदलून पाहिला, आणि प्रॉम्प्ट पक्का झाल्यावर चार वेगवेगळ्या सीडवर चालवला. चारांतली एक घेतली. निवडताना 'छान वाटतंय' यावर जाऊ नका, मोजा. पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवून ओट्याच्या दोन खांबांमधलं अंतर मोजलं: ३२० पिक्सेलचं ३४६ झालं, म्हणजे आठ टक्के. मागच्या डोंगरावरच्या दोन टोकांमधलं अंतर २१० चं २११. हे बरोबर आहे. खरा कॅमेरा पाच मीटरवरच्या ओट्याकडे साधारण हातभर पुढे गेला तर ओटा एवढाच वाढेल आणि कित्येक किलोमीटरवरचा डोंगर तसाच राहील. डोळ्यांना खोली जाणवते ती या फरकामुळेच. दोन्ही अंतरं सारखीच वाढली असती, तर तो नुसता झूम होता. त्यासाठी जीपीयूचं भाडं कशाला भरायचं? आणि ओटा वीस-पंचवीस टक्के वाढला असेल तर हालचाल हलकी राहिलेली नाही, 'किंचित' वर अजून जोर द्यायला हवा.

यानंतर क्लिप थांबवून चाळिसावी आणि शेवटची फ्रेम मूळ फोटोशी ताडून पाहायची: चेहरा तोच आहे का, बाजेचे पाय चारच आहेत ना, बोटं पाचच ना. जसजसे पुढे जाल तसा चेहरा मूळ फोटोपासून थोडाथोडा सुटत जातो, त्यामुळे मी शेवटचा सव्वा सेकंद कापूनच टाकला. आजोबांची एक पापणी हलली होती ती त्यातच गेली. काकांनी मोबाईलवर पाहिली, परत लावायला सांगितली, आणि म्हणाले, "हां. आता तोच आहे."

त्यांनी लगेच दुसरा फोटो काढून दिला: कुठल्याशा लग्नातला, तीसेक माणसं तीन रांगांत, प्रत्येक चेहरा नखाएवढा. याला मी मॉडेल लावलंच नाही, कारण कितीही मोठ्या साईजमध्ये चालवलं तरी तीस चेहऱ्यांतले निम्मे वितळणार, आणि मांडवात नेमका त्यांच्यातलाच कोणीतरी समोर बसलेला असणार. तिथे साधा झूम पुरतो. सोळा बाय नऊ मध्ये क्रॉप केलेल्या फोटोवर हे चालवा, पाच सेकंदांत सहा टक्के पुढे जातं आणि कोणाचा चेहरा बदलत नाही:

```
ffmpeg -i photo.jpg -vf "scale=4000:-2,zoompan=z='1+0.06*on/125':x='iw/2-(iw/zoom/2)':y='ih/2-(ih/zoom/2)':d=125:s=1280x720:fps=25" -pix_fmt yuv420p out.mp4
```

सुरुवातीचं `scale=4000` गाळू नका. ते नसेल तर एवढ्या हळू झूममध्ये चित्र पिक्सेल-पिक्सेल उड्या मारत जातं, आणि मांडवातल्या बारा फुटी स्क्रीनवर ते मागच्या रांगेतूनही दिसतं.