आमसुलाचे सरबत : साखर आधी, मीठ शेवटी

वैशाखात सातारा-सांगलीकडील घरांत पाहुण्यांपुढे लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत येते. लिंबू आपल्याच मळ्यातले असते. कोकम मात्र घाटाखालून, कुंभार्ली आणि आंबा घाटांच्या वाटेने, सुकलेल्या आमसुलांच्या रूपात येते. आज या आमसुलांच्या सरबताविषयी लिहिते.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या आत्याबाई आल्या होत्या. त्यांचे एकासन होते. अन्न आणि पाणी एकाच बैठकीत. मी माठातल्या गार पाण्यात आमसुलाचा कोळ आणि साखर घालून, चार वेळा ढवळून पेला पुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे संपवला आणि म्हणाल्या, “अगं, एका पेल्यात दोन सरबते होती. वर आंबट, तळाशी गोड.” दुसरा पेला करून देण्याइतकी त्यांची बैठक लांबणार नव्हती. ती चूक मी अजून विसरलेले नाही.

गार पाण्यात साखर विरघळत नाही, असे आपण म्हणतो; ते तितकेसे खरे नाही. गार पाणीही आपल्या वजनापेक्षा कितीतरी अधिक साखर सामावून घेते. फक्त त्याला वेळ लागतो, आणि दाणा जितका मोठा तितका अधिक. म्हणून गोडी आधीच पातळ करून ठेवावी. आपल्याकडे पाणी गाळून उकळण्याची रीत आहेच. त्या उकळत्या पाण्यातच साखर घातली की काम झाले.

सोळा पेल्यांसाठी शंभर ग्रॅम आमसुले घ्यावीत. ती एक-एक उघडून निवडावीत आणि गार पाण्यातून चटकन काढावीत. नंतर अर्धा लिटर गरम पाण्यात दोन-तीन तास भिजवावीत. पाणी हाताला चांगले कढत लागावे, पण आमसुले विस्तवावर उकळू नयेत. उकळल्याने लाल रंग तपकिरीकडे झुकतो. भांडे स्टीलचे किंवा काचेचे असावे, कारण तांब्या-पितळेत आंबट कळकते. भिजलेली आमसुले कुस्करून कोळ स्वच्छ फडक्याने गाळावा. दुसरीकडे दोनशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात चारशे ग्रॅम साखर विरघळवावी. कण दिसेनासे झाले की उतरवावे. तार येऊ देऊ नये. दोन्ही गार झाल्यावर एकत्र करावे. मात्र कोळाचा एक वाटीभर भाग वेगळा राखून ठेवावा. तो का, ते पुढे येईलच.

आता मीठ. रातांब्याची साल त्याच्याच रसात मीठ घालून पुन्हापुन्हा बुडवून वाळवतात, तेव्हा आमसूल होते. म्हणजे मीठ त्यात आधीपासूनच असते, आणि प्रत्येक ठिकाणच्या मालात ते निराळे असते. सालीवर पांढरी पुटे दिसली तर ते अधिक आहे असे समजावे. म्हणून पाककृतीत लिहिलेले मीठ डोळे मिटून घालू नये. आधी एकच पेला करावा : पाव पेला अर्क, पाऊण पेला पाणी. तळापासून ढवळावे, कारण गोड अर्क जड असल्याने खालीच बसतो. मग तो ज्या गारव्याने प्यायचा त्याच गारव्याने चाखावा. गार पेयात गोडी कमी जाणवते, म्हणून कोमट असताना ठरवलेले प्रमाण पुढे फसते.

चव घेताना जीभ काय सांगते ते ऐकावे. आंबटपणा आणि रंग दोन्ही दाट वाटले, तर साखर नको, पाणी वाढवावे. आंबट-गोड ठीक असून चव टोकदार, तुटक वाटली, तर त्या पेल्यात बोटाच्या टोकाएवढे पादेलोण घालावे. किंचित मिठाने आंबटपणाची धार बोथट होते आणि गोडी पुढे येते. खारट अशी चव वेगळी ओळखू आली, तर मीठ अधिक झाले. खारटपणा साखरेने झाकत नाही. अशा वेळी तो राखलेला वाटीभर कोळ, थोडी साखर आणि पाणी घालून सगळेच वाढवावे लागते. एका पेल्यात जमलेले मीठ मग सोळा पेल्यांच्या हिशेबाने, पण थोडे हात राखून, अर्कात घालावे. भाजलेल्या जिऱ्याची पूड सर्वांत शेवटी.

लिंबाच्या सरबतातही साखर आधी आणि मीठ शेवटीच. फरक इतकाच की लिंबाचा रस गरम पाकात घालू नये, त्याचा ताजा वास जातो. आणि तो आयत्या वेळी, हलक्या हाताने पिळावा. साल दाबली किंवा बी चिरडली की कडवटपणा उतरतो, आणि रस फार वेळ ठेवला तरी तो कडवट होत जातो.

पुढच्या वैशाखात आत्याबाई आल्या तेव्हा पेला मी असाच केला. पहिला घोट आणि शेवटचा घोट सारखाच लागला असावा. कारण पेला खाली ठेवताना त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त तळाकडे एकवार पाहून हसल्या.